पहाटेचा प्राणवायू आणि संध्याकाळची पेंड : लहान तळ्यातील मासे एका रात्रीत का मरतात आणि ते कसे टाळावे

चिकोडी आणि निपाणी भागात ज्या शेतकऱ्यांनी ‘कृषी होंडा’ म्हणजे शेततळे किंवा शेताच्या कडेचे जुने तळे मत्स्यपालनासाठी वापरायला सुरुवात केली आहे, त्यांच्या बोलण्यात एक प्रसंग वारंवार येतो. आदल्या संध्याकाळी मासे पेंड खायला उसळत होते आणि सकाळी किलो-दीड किलोचे कटले पांढरी पोटे वर करून तरंगत होते. पहिला संशय कोणीतरी विष टाकल्याचा येतो, दुसरा रोगाचा. माझ्या स्वतःच्या तळ्यात असे घडले, तेव्हा मीही आधी शेजारच्या उसावरील फवारणीला दोष दिला. प्रत्यक्षात कारण माझ्याच पेंडीच्या पोत्यात होते, आणि ते समजायला मला दोन हंगाम लागले. या लेखात मी दहा गुंठ्यांच्या एका तळ्याचा हिशेब मांडून प्राणवायू आणि खाद्य यांचे व्यवस्थापन टप्प्याटप्प्याने सांगणार आहे.

रात्रीचा प्राणवायू कोण संपवतो?

तळ्याच्या पाण्याला जो हिरवा रंग असतो, तो सूक्ष्म वनस्पतींचा, म्हणजे शेवाळाच्या बारीक कणांचा असतो. दिवसा ऊन मिळाले की त्या प्राणवायू तयार करतात आणि पाण्यातील विरघळलेल्या प्राणवायूचा बराचसा पुरवठा त्यांच्याकडूनच होतो. सूर्य मावळला की निर्मिती थांबते, श्वसन मात्र सुरूच राहते. त्यामुळे प्राणवायू दुपारी तीन-चारच्या सुमारास सर्वाधिक असतो, रात्रभर उतरत जातो आणि सूर्योदयाच्या जरा आधी सर्वात कमी होतो. मासे पहाटे मरतात ते यामुळे.

आता एक तळे डोळ्यांसमोर आणू. दहा गुंठे क्षेत्र, म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर, आणि सरासरी दीड मीटर खोली; म्हणजे १,५०० घनमीटर पाणी. त्यात कटला, रोहू, मृगळ आणि थोडे सायप्रिनस अशी ६०० बोटुकली सोडली होती. त्यांपैकी ५४० जगली आणि आज त्यांचे सरासरी वजन ७०० ग्रॅम आहे. तळ्यात एकूण ३७८ किलो मासे आहेत.

स्वच्छ उन्हाच्या दिवशी संध्याकाळी या पाण्यात लिटरला ८ मिलिग्रॅम प्राणवायू असेल, तर संपूर्ण तळ्यात तो १२ किलो भरतो. रात्रीच्या बारा तासांत मासे त्यातला अंदाजे ९०० ग्रॅम वापरतात. तळाचा गाळही साधारण तेवढाच घेतो. पण हिरवे पाणी, म्हणजे शेवाळ आणि त्यासोबतचे जिवाणू, लिटरला दर तासाला ०.३ मिलिग्रॅम या वेगाने सव्वापाच-साडेपाच किलो प्राणवायू फस्त करतात. सकाळी शिल्लक राहतो तो साधारण पावणेपाच किलो, म्हणजे लिटरला ३ मिलिग्रॅमच्या थोडा वर. मासे जगतात, फक्त मरगळलेले दिसतात.

दिवसभर ढग राहिले, तर संध्याकाळची सुरुवात ८ ऐवजी ५ मिलिग्रॅमवरून होते. शिलकीत साडेसात किलो आणि खर्च मात्र तोच सातेक किलोचा. पहाटे पाण्यात जवळजवळ काहीच उरत नाही. हवेतून थोडाफार प्राणवायू विरघळतो आणि हे आकडे ढोबळ आहेत, पण त्यांचे आपसांतले प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे: मासे खर्चाचा लहान वाटा उचलतात, मोठा वाटा हिरव्या पाण्याचा असतो. आणि पाणी हिरवेगार होते ते आपण टाकलेल्या खाद्यामुळे. माशांनी न खाल्लेली पेंड कुजते, खाल्लेल्या पेंडीतील बराच भाग विष्ठेवाटे आणि कल्ल्यांवाटे पाण्यात परततो, आणि त्यावर शेवाळ वाढते. म्हणून पेंडीचे माप आणि प्राणवायू हे दोन वेगळे विषय नाहीत.

खाद्य किती द्यायचे, हे प्रथम वजनावरून ठरवा

आपल्याकडे खाद्य म्हणजे मुख्यतः भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड, निम्मे-निम्मे मिसळून. खानापूरच्या बाजूला भात गिरण्यांमुळे कोंडा सहज मिळतो, तर आमच्याकडे पेंड घाण्यावरून आणता येते. काही जण तयार गोळीखाद्य वापरतात. कोणतेही असो, रोजचे माप ‘पाटीभर’ असे ठेवू नये.

महिन्यातून एकदा सकाळी ऊन चढल्यावर फेकजाळ्याने वीस-पंचवीस मासे धरावेत, ओल्या गोणपाटात अथवा पाण्याच्या बादलीत एकत्र तोलावेत आणि लगेच सोडून द्यावेत. सरासरी वजनाला माशांच्या अंदाजे संख्येने गुणले की तळ्यातील एकूण वजन मिळते. लहान बोटुकलीला त्या वजनाच्या ४-५ टक्के खाद्य लागते, पाव किलोच्या माशाला सुमारे ३ टक्के, आणि अर्धा किलोच्या पुढे २ टक्के पुरते.

आमच्या उदाहरणातल्या तळ्यात २ टक्क्यांच्या हिशेबाने रोज साडेसात किलो खाद्य निघते. इथेच खरी मेख आहे. पाणी ढवळण्याचे कोणतेही साधन नसलेल्या तळ्यात हेक्टरी रोज ३० ते ४० किलोपर्यंतचे खाद्य सुरक्षित धरले जाते. म्हणजे दहा गुंठ्यांना ३ ते ४ किलो. ही मर्यादा गोळीखाद्याच्या अनुभवावरून आली असली, तरी पेंडीसाठीही तीच धरावी, कारण पावडर स्वरूपातल्या पेंडीचा पाण्यात विरघळून वाया जाणारा भाग अधिक असतो. मासा मागतो त्याच्या निम्मेच खाद्य तळे पचवू शकते. हा विरोध दोनच मार्गांनी सुटतो: पाणी ढवळून हवा मिसळणारा एअरेटर बसवावा, किंवा पाऊण-एक किलोचे मासे वेळीच काढून विकावेत आणि वजन उतरवावे. खाद्य निम्मे करून सर्व मासे तसेच ठेवले, तर मासे वाढतही नाहीत. शंभर-दीडशे मोठे कटले आधी विकले, तर उरलेल्यांची वाढ वेग घेते. हा सल्ला कोणालाच आवडत नाही, कारण सगळे मासे एकदम काढून एकरकमी पैसे घेण्याची आपल्याला सवय आहे.

खाद्य देण्याची वेळ आणि तबक

खाद्य खाल्ल्यावर पचनासाठी माशाची प्राणवायूची गरज काही तास वाढलेली राहते. पहाटे पाच वाजता, जनावरांचे शेण-घाण उरकण्याआधी पेंड टाकून येणे सोयीचे असले, तरी त्या वेळी पाण्यात प्राणवायू सर्वात कमी असतो. तसेच दिवेलागणीला पेंड टाकली, तर पचनाचा काळ नेमका उतरत्या प्राणवायूत सापडतो. म्हणून सकाळचे खाद्य नऊच्या पुढे आणि दुसरे दुपारी तीन-चारच्या आत द्यावे. सकाळी माप कमी आणि दुपारी जास्त ठेवले तरी चालते.

पेंड रात्रभर भिजवून, कोंड्यात मळून तिचे गोळे करावेत आणि ते तबकात ठेवावेत. तबक म्हणजे बांबूची किंवा लोखंडी सळईची चौकट आणि तिला शिवलेली बारीक जाळी. ते दोरीने पाण्याखाली हात-दीड हात टांगावे. दहा गुंठ्यांना चार तबके पुरतात. दोन तासांनी ते वर ओढून पाहावे. तबक चाटून-पुसून रिकामे असेल, तर माप योग्य आहे किंवा थोडे कमी आहे. पाव हिस्सा उरला असेल, तर दुसऱ्या दिवशी तेवढेच कमी करावे. निम्मे उरले असेल, तर मासे खात नाहीत आणि त्याचे कारण शोधावे लागते. बहुतेक वेळा ते प्राणवायू हेच असते. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली मासा तोंड फिरवतो, त्यामुळे न खाल्लेली पेंड ही पहिली सूचना मानावी. ती सूचना मिळूनही ‘उद्या खातील’ म्हणून पुन्हा पेंड घालणे, ही मी दोन वेळा केलेली चूक आहे.

ढगाळ हवा असेल त्या दिवशी खाद्य निम्मे करावे. सलग दुसरा दिवस ऊन न पडता गेला, तर खाद्य पूर्ण बंद ठेवावे. एक-दोन दिवस उपाशी राहिल्याने कार्प जातीचा मासा मरत नाही. तबकात मावेनाशी पेंड पावसात भिजत ठेवणे मात्र त्याला मारते. शेण, गोबरगॅसची रबडी किंवा युरिया यांचीही तीच गोष्ट: ढगाळ दिवसांत किंवा पाणी आधीच गडद हिरवे असताना त्यांचा एक घमेलाही तळ्यात जाऊ नये.

पाण्याचा रंग मोजण्याची थाळी

शेवाळ जास्त झाले आहे की नाही, हे नजरेने ठरवणे फसवे असते, कारण सकाळ-संध्याकाळच्या उजेडात रंग बदलतो. त्यासाठी २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची गोल थाळी घ्यावी, तिचे चार भाग करून आळीपाळीने काळा-पांढरा रंग द्यावा, मधोमध वजन लावून खुणा केलेल्या दोरीला बांधावी. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, पाठ सूर्याकडे करून ती सोडावी आणि जिथे दिसेनाशी होते ती खोली पाहावी. ३० ते ४० सेंटिमीटर हे उत्तम. २० ते २५ सेंटिमीटरला खाद्य कमी करून रोज लक्ष ठेवावे. २० च्या खाली असेल, तर आजची रात्रच धोक्याची समजावी. थाळी नसेल, तर हात कोपरापर्यंत पाण्यात सरळ बुडवून बोटे दिसतात का ते पाहावे. कोपराच्या बरेच आधी बोटे दिसेनाशी झाली, तर पाणी फार दाट आहे. नदीच्या पुराच्या गढूळ पाण्यात मात्र ही मोजणी निरुपयोगी ठरते, कारण तो रंग मातीचा असतो.

आणखी एक फरक ओळखावा. हिरवे पाणी दोन-तीन दिवसांत एकाएकी तपकिरी, करडे किंवा पारदर्शक झाले आणि कडेला घाणेरडी साय जमली, तर शेवाळ मरू लागले आहे. आता दिवसाही प्राणवायू तयार होत नाही आणि मेलेले शेवाळ कुजताना आहे तोही खाते. हा काळ जास्तीत जास्त धोक्याचा असतो.

आमच्या भागातले तीन कठीण काळ

एप्रिल-मे महिन्यांत उन्हाने वरचे पाणी तापते आणि हलके होऊन खालच्या थंड पाण्यावर तरंगते. खोल, कडा उभ्या असलेल्या प्लास्टिकच्या कृषी होंड्यात हा थर फार पक्का बसतो, आणि त्याखालच्या पाण्यात प्राणवायू राहत नाही. वळवाचा जोरदार पाऊस वाऱ्यासकट आला की वरचे पाणी एकदम थंड होऊन खाली जाते, तळचे सडके पाणी वर येते, आणि तासाभरात मासे श्वासासाठी वर येतात. इथे पहाटेची वाट पाहण्याची गरज नसते. दुपारी पाचला वळीव पडून सहाला मासे मेलेले मी पाहिले आहेत. अशा तळ्यात, थर बसू नये म्हणून उन्हाळा लागल्यापासूनच दुपारी एक तासभर पंपाने किंवा एअरेटरने पाणी ढवळत राहावे. पण दोन महिने काहीच न करता मे महिन्यात अचानक तळ ढवळू नये, कारण त्याने वळवाचेच काम होते.

दुसरा काळ मृग-आर्द्राच्या सलग ढगांचा आणि तिसरा श्रावणातल्या झडीचा. पश्चिमेकडे खानापूरच्या बाजूला दिवसेंदिवस ऊन दिसत नाही आणि वरच्या हिशेबातला ५ मिलिग्रॅमचा दिवस रोजचा होतो. पूर्वेला अथणीकडे याउलट धोका आटत्या पाण्याचा आहे: पाणी निम्मे झाले की मासे तेच राहतात आणि शेवाळ दाट होते. दीड मीटरचे तळे पाऊण मीटरवर येण्याआधी मासे काढायला सुरुवात करावी.

रात्रीचा अंदाज बांधण्याची पद्धत

प्राणवायू मोजण्याचे मीटर महाग असते, पण थेंब टाकून मोजण्याची चाचणी किट परवडते, आणि तीन-चार शेतकऱ्यांनी मिळून एक मीटर घेतले तर खर्च विभागतो. मोजणी पाण्याच्या पृष्ठभागावर न करता हातभर खोलीवर करावी. रात्री प्राणवायू जवळपास सरळ रेषेत उतरतो, त्यामुळे दोन मोजण्यांवरून पहाटेचा अंदाज बांधता येतो.

समजा संध्याकाळी सातला ६.२ आणि रात्री दहाला ५.० मिलिग्रॅम भरले. तीन तासांत १.२ उतरले, म्हणजे तासाला ०.४. दहापासून सकाळी सहापर्यंत आठ तास आहेत, ३.२ आणखी उतरणार आणि पहाटे १.८ उरणार. हा आकडा ३ च्या खाली आहे, म्हणजे आज एअरेटर लागणार. केव्हापासून, हेही त्याच हिशेबातून निघते: ५.० वरून ३.० पर्यंत उतरायला पाच तास, म्हणजे तीनच्या सुमाराला पाणी धोक्याच्या रेषेला टेकेल. एअरेटर एक वाजता चालू करावा, तीन वाजता नव्हे, कारण ३ च्या खाली गेलेले पाणी वर आणण्यापेक्षा वर असलेले पाणी टिकवणे सोपे असते.

एक अश्वशक्तीचा चक्राचा एअरेटर प्रत्यक्ष तळ्यात तासाला किलोभराच्या आसपास प्राणवायू मिसळतो असे धरले, तर वरच्या ढगाळ रात्री पाणी ३ मिलिग्रॅमवर टिकवायला कमी पडणारा प्राणवायू, जो आमच्या तळ्यात सुमारे चार किलो आहे, भरून काढायला त्याला चार-पाच तास लागतात. आमच्याकडे खरी अडचण विजेची असते. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीने आणि ठरावीक तासच मिळते, आणि नेमकी वादळी पावसाच्या रात्री ती जाते. म्हणून केवळ विजेवर विसंबू नये. डिझेल इंजिनाचा पंप, त्यात भरलेले तेल आणि जोडून ठेवलेले पाइप पावसाळ्याआधीच तळ्याकाठी असावेत.

मासे वर आलेच, तर

‘मालक, मासं वर आल्यात’ असा आवाज पहाटे चारला आला, तर पहिल्यांदा पाहायचे ते कोणते मासे वर आहेत. प्राणवायू कमी झाल्यास मोठे मासे आणि विशेषतः कटला व चंदेरी कार्प आधी हवा गिळू लागतात, सायप्रिनस तुलनेने उशिरा. मासे पाण्याबाहेर तोंड काढून संथपणे हवा घेतात, दगड टाकला तरी जेमतेम खाली जातात, आणि ऊन चढल्यावर आपोआप खाली जातात. उसावरचे किंवा तंबाखूवरचे कीटकनाशक पावसाने वाहून आले असेल, तर चित्र वेगळे असते: लहान मासेही सुरुवातीलाच मरतात, मासे गिरक्या घेतात, वेडेवाकडे पळतात, आणि भर दुपारीही मरतात.

प्राणवायूचीच कमतरता असेल, तर पंपाचे सक्शन तळाला न सोडता वरच्या फूटभर पाण्यात धरावे आणि पाइपाचे तोंड दाबून किंवा छिद्रे पाडलेल्या पाइपातून तेच पाणी फवाऱ्यासारखे एका कोपऱ्यात परत सोडावे. तळाचे पाणी ओढले, तर सडका गाळ वर येतो. संपूर्ण तळे सुधारण्याचा प्रयत्न करू नये. एक कोपरा सुधारला की मासे तिकडे येतात. विहिरीचे पाणी असल्यास घालावे, पण बोअरवेलच्या पाण्यात प्राणवायू नसल्यासारखाच असतो, म्हणून ते उंचावरून दगडांवर आदळून पडेल असे सोडावे. ऊन चांगले वर येऊन मासे खाली जाईपर्यंत पंप थांबवू नये.

त्या वेळी चुना, पोटॅशियम परमँगनेट किंवा शेण टाकण्याचा मोह टाळावा. परमँगनेटने प्राणवायू मिळतो ही समजूत चुकीची आहे. बाजारात मिळणाऱ्या प्राणवायूच्या गोळ्या किंवा पावडर थोडा वेळ साथ देतात, पंप येईपर्यंत त्या वापराव्यात. त्यांच्या भरवशावर रात्र निघत नाही. मासे वाचवण्यासाठी जाळे ओढणे तर सर्वात घातक, कारण धडपडणाऱ्या माशाला आणखी प्राणवायू लागतो आणि जाळ्याने गाळ ढवळला जातो.

मेलेले मासे सकाळीच काढून तळ्यापासून दूर खड्ड्यात चुना टाकून पुरावेत, नाहीतर तेच कुजून दुसऱ्या रात्रीचा प्राणवायू खातात. दोन दिवस खाद्य बंद ठेवावे, तिसऱ्या दिवशी निम्म्या मापाने सुरू करावे. शेवाळ मेल्यामुळे संकट आले असेल, तर पुढच्या चार-पाच रात्री पहिल्या रात्रीइतक्याच कठीण असतात. माझ्या तळ्यात पहिल्या पहाटे अकरा कटले गेले आणि मी निश्चिंत झोपल्यावर तिसऱ्या पहाटे त्याहून अधिक. त्या रात्रींत इंजिन तळ्याकाठीच ठेवावे आणि एक वाजता कोणीतरी बॅटरी घेऊन पाण्याकडे पाहायला जावे.